‘तीनला दोन’ की ‘दोनला तीन’? : स्वयंपाकघर आणि वाढणाऱ्यांमधली भांडणं

पावसाळा लागला की आपल्या मुळशीतून ताम्हिणीकडं जाणारा रस्ता रविवारी गाड्यांनी भरून जातो. पुण्याची माणसं धबधबे बघतात, भिजतात आणि दुपारी एकाच वेळी भुकेजतात. रस्त्याकडेला आपल्या काही गटांनी पिठलं-भाकरीची जेवणघरं चालू केली आहेत. साडेबारा ते तीन एवढ्यातच दिवसाचा बहुतेक धंदा होतो आणि याच अडीच तासांत आतल्या आणि बाहेरच्या बायकांची भांडणं होतात. संध्याकाळी पैसे मोजताना कुणी कुणाशी बोलत नाही. आज त्याबद्दल बोलू.

अशी भांडणं आमच्याकडं आली की आम्ही आधी ‘कोण कुणाला काय बोललं’ हे विचारायचो नाही. चूल, टेबलं आणि माणसं मोजायचो. एका गटाचं उदाहरण घेऊ. आठ टेबलं, चार-चार माणसांची. आत दोन चुली, दोन तवे, तांदळाची भाकरी. पीठ मळलेलं तयार असलं तरी थापून, भाजून एक भाकरी उतरायला साधारण दोन मिनिटं लागतात. एका तव्यावर तासाला तीस, म्हणजे दोन तव्यांवर साठ. आता आठही टेबलं एकदम भरली, तर ३२ माणसं. माणशी दोन भाकरी धरल्या तर ६४. म्हणजे शेवटच्या टेबलाची दुसरी भाकरी तासाभरानंतर येणार. वाढणारी मात्र प्रत्येक टेबलाला “आणते हं, दोन मिनिटांत” म्हणून आलेली. ती आत जाऊन ओरडते, भाकरी करणारी चिडते, आणि तवा काही जास्त वेगानं चालत नाही.

यावर पहिला उपाय साधा निघाला. पहिल्या फेरीला माणशी एकच भाकरी द्यायची. ३२ भाकरी अर्ध्या तासात होतात आणि कुठलंच टेबल रिकाम्या ताटापुढं बसत नाही. सोबत इंद्रायणीचा भात आणि आमटी आधीच तयार असते, ती लगेच वाढायची. ऑर्डर घेतानाच वाढणारीनं सांगायचं, “पहिली भाकरी आत्ता देते, दुसरी भात खाईपर्यंत येईल.” खरी वेळ आधी सांगितली तर गिऱ्हाईक थांबतं. खोटी सांगितली तर ते वाढणारीवर ओरडतं आणि वाढणारी आत ओरडते.

दुसरी गोष्ट शब्दांची. बाहेरून हाक येते, “तीनला दोन पिठलं!” धुरात, भांड्यांच्या आवाजात आत ऐकू येतं “दोनला तीन”. एक पिठलं जास्त होतं, ते भलत्याच टेबलावर जातं, आणि मग तू म्हणालीस, मी नाही म्हणाले. या गटानं टेबलांचे आकडेच काढून टाकले. आंबा, फणस, जांभूळ, करवंद, आवळा, चिंच, उंबर, बोर अशी नावं दिली आणि पाट्या लावल्या. आता आकडा ऐकू आला की तो पदार्थाचाच असणार. “फणस, दोन पिठलं” म्हटल्यावर घोटाळा व्हायला जागाच नाही.

पण खरी मेख निराळी होती. आत भाकऱ्या थापायला बसलेल्या बहुतेक वयानं मोठ्या, बाहेर वाढणाऱ्या तरण्या. एका घरातल्या सासू-सुना असल्या तर विचारूच नका. सुनेनं उंबऱ्यात उभं राहून “आत्या, चार भाकरी लवकर द्या” म्हणायचं, आणि तेही दहा मिनिटांत सहा वेळा. सून टेबलाचं सांगत असते, सासूला मात्र सून हुकूम सोडतेय असं वाटतं.

हे आपल्याकडंच होतं असं नाही. अमेरिकेतल्या शिकागो शहरात १९४० च्या दशकात विल्यम फूट व्हाइट नावाच्या समाजशास्त्रज्ञानं खाणावळींचा अभ्यास केला आणि १९४८ साली त्यावर पुस्तक काढलं. त्याला दिसलं ते हेच: स्वयंपाकी स्वतःला वरचे समजत आणि वाढणाऱ्या मुलींनी तोंडी ऑर्डर दिलेली त्यांना सोसत नसे. गर्दीच्या वेळी मुली रडायच्या. जिथं ऑर्डर कागदावर लिहून खिळ्याला अडकवायची पद्धत होती, तिथं कुरबूर कमी होती. कागदानं सांगितलेलं कुणाला झोंबत नाही.

म्हणून या गटानं चिठ्ठी चालू केली. एका टेबलाची एक चिठ्ठी: वर टेबलाचं नाव, शेजारी वेळ, खाली पदार्थ आणि आकडा. मध्ये कार्बन घालून दोन प्रती, एक आत, एक गल्ल्यावर. शिसपेननंच लिहायचं. जेलचं पेन पावसाच्या ओल्या हातानं पसरतं, आणि मग ‘१’ आहे की ‘७’ यावरून नवं भांडण.

चिठ्ठी घ्यायला खिडकीत एकच बाई. तिला सगळे खिडकीवाली म्हणतात. चिठ्ठ्या दोरीला कपड्याच्या चिमट्यांनी आल्या क्रमानं डावीकडून लावायच्या आणि डावीकडूनच काढायच्या. आतल्या काहीजणींना वाचता येत नाही, म्हणून ती मोठ्यानं वाचते आणि करणारी तेच परत म्हणते, “फणस, दोन पिठलं, चार भाकरी.” परत म्हटल्याशिवाय चिमटा लावायचा नाही. बाकी कुणीही आत यायचं नाही. या जागी वयानं मधली, दोन्हीकडच्यांना चालणारी बाई बसवावी. आमच्या मते सगळ्यात हुशार बाई गल्ल्यावर नको, इथं हवी.

जास्तीची भाकरी हा सगळ्यात अवघड भाग. ताटावर बसलेला माणूस “ताई, अजून एक” म्हणतो आणि त्याची कुणी चिठ्ठी करत नाही. इथं दुरडीचा उपयोग झाला. भाकरी करणारीनं ऑर्डरीची वाट न पाहता तवा चालू ठेवायचा आणि उतरलेली भाकरी खिडकीतल्या दुरडीत टाकायची. दुरडीत सहा झाल्या की थांबायचं, नाहीतर खालच्या वातड होतात. वाढणारीनं दुरडीतून हातानं उचलायची नाही, खिडकीवालीकडून मागायची. ती मूळ चिठ्ठीवर एक रेघ ओढते आणि गल्ल्यालाही कळवते.

कामं सकाळी दहाला ठरतात आणि त्या दिवसापुरती बदलत नाहीत. पाळी फिरवायची ती पुढच्या रविवारी. ऐन गर्दीत “जरा तू भाकरी बघ, मी वाढते” केलं की दोन्ही जागा ओस पडतात.

बिघडतंय हे दोरीवरून कळतं. आठ चिठ्ठ्या लटकल्या आणि डावीकडची वीस मिनिटं जुनी असेल, तर खिडकीवालीनं दारातल्या बाईला खूण करायची आणि नव्या गिऱ्हाइकांना चहा देऊन बाहेरच्या बाकावर बसवायचं. उलट दोरी रिकामी, पण खिडकीत ताटं गार होत असतील, तर वाढायला हात कमी आहेत. वाढणाऱ्या पुन्हा आत शिरू लागल्या तर खिडकीवाली जागेवर नाही, हे न बघता ओळखावं.

तीन-चारच टेबलं असतील तर एवढं करायची गरज नाही, तोंडी भागतं. आणि दर रविवारी तासाला साठच्या वर भाकरी लागू लागल्या, तर कितीही चिठ्ठ्या लावल्या तरी उपयोग नाही. मग तिसरी चूल मांडायची, किंवा दारातूनच सांगायचं की आता फक्त आमटी-भात आहे.