दोनशे वीस पुस्तकं, चार परीक्षक, दोन तास

अमेरिकेत इतिहासाची पीएच.डी. करणाऱ्यांची पहिली दोन वर्षं वर्गात बसण्यात आणि पेपर लिहिण्यात जातात. पुढे प्रबंधाला हात घालायचा तर आधी एक परीक्षा पार करावी लागते. कुणी तिला ऑरल्स म्हणतं, कुणी कॉम्प्स. प्रिन्स्टनला तिचं नाव जनरल्स. आपल्याकडची पेट किंवा नेट ही प्रवेशाआधीची परीक्षा. ही मात्र आत शिरल्यावर होते आणि तिला छापील अभ्यासक्रम नसतो. विद्यार्थ्याने तीन-चार विस्तृत क्षेत्रं निवडायची, प्रत्येकासाठी एक प्राध्यापक परीक्षक म्हणून गाठायचे आणि त्यांच्याशी बोलून वाचनाची यादी ठरवायची. काही विभागांत लेखी उत्तरंही असतात, पण खरी धास्ती असते ती शेवटच्या दोनेक तासांच्या तोंडी परीक्षेची. सगळे परीक्षक एका टेबलाभोवती बसतात आणि पाळीपाळीने विचारतात.

समजा, महाराष्ट्राच्या शेतीच्या इतिहासावर प्रबंध लिहू पाहणारी एक विद्यार्थिनी आहे. तिचं मुख्य क्षेत्र आधुनिक दक्षिण आशिया. त्याच्या यादीत 80 पुस्तकं. ब्रिटिश साम्राज्य आणि जगभरातले शेतकरी समाज या दोन क्षेत्रांची प्रत्येकी 50, आणि हिंदी महासागरातल्या व्यापाराची 40. एकूण 220. सप्टेंबरमध्ये सुरुवात आणि परीक्षा एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे हाताशी 34 आठवडे. त्यातले शेवटचे सहा उजळणीला ठेवायचे. सत्र संपताना पदवीच्या मुलांचे पेपर तपासण्यात आणि सुट्टीत आणखी चार जातात, कारण शिष्यवृत्तीच्या बदल्यात शिकवण्याचं काम असतंच. उरले 24.

बहुतेक जण इथे 220 ला 24 ने भागतात, आठवड्याला नऊ पुस्तकं असं उत्तर काढतात आणि तसा तक्ता भिंतीवर लावतात. तो तक्ता ऑक्टोबरातच कोलमडतो. पुस्तकं मोजण्यापेक्षा तास मोजलेले बरे. शिकवणं सांभाळून आठवड्याला 30 तास मन लावून वाचता आलं, तर 24 आठवड्यांत 720 तास होतात. म्हणजे एका पुस्तकाच्या वाट्याला सव्वातीन तास. चारशे पानांचा इतिहासग्रंथ एवढ्या वेळात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुणाचाच वाचून होत नाही. सगळी पुस्तकं सारख्या खोलीने वाचायची नाहीत, हा निर्णय तेव्हाच घ्यावा लागतो, आणि योजनेचं निम्मं काम त्या एका निर्णयात आहे.

तिने तीन थर केले. तीस पुस्तकं पूर्ण वाचायची, प्रत्येकी दहा तास. नव्वद पुस्तकांची प्रस्तावना, समारोप, दोन मधली प्रकरणं आणि तळटिपा, प्रत्येकी तीन तास. उरलेल्या शंभरांना दीड तास: प्रस्तावना, चांगली परीक्षणं, आणि लेखकाचा मुद्दा कुठल्या पुराव्यावर उभा आहे एवढं पाहणं. 300, 270 आणि 150 मिळून 720 होतात. कोणतं पुस्तक कुठल्या थरात घालायचं, हे मात्र परीक्षकालाच विचारावं. विद्यार्थ्याला जे आवडतं ते तो वरच्या थरात ढकलतो, आणि परीक्षक ज्यावर वर्षानुवर्षं वाद घालत आले आहेत ते नेमकं दीड तासात उरकतो.

दुसरा प्रश्न क्रमाचा. एक क्षेत्र संपवून मग दुसरं घ्यायचं, हे शिस्तीचं वाटतं, पण त्यात सप्टेंबरात वाचलेलं मार्चपर्यंत पुसट होतं. त्याहून वाईट म्हणजे चार याद्या चार कप्प्यांत राहतात. तोंडी परीक्षेत प्रश्न कप्पे पाहून येत नाहीत. म्हणून एका वेळी दोन क्षेत्रं जोडीने चालवावीत, आणि शक्य असेल तिथे याद्या ओलांडणारा एखादा विषय धरून वाचावं.

उदाहरणार्थ, 1875 चे दख्खनचे दंगे. मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सुरुवात झाली. शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि कर्जाचे कागद ताब्यात घेऊन जाळले. सरकारने आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. रवींद्र कुमार यांनी 1968 च्या पुस्तकात याचं मूळ रयतवारीत आणि नव्या न्यायालयांत शोधलं: गावातला कुणबी आणि वाणी यांच्यातला जुना तोल त्यांनी बिघडवला. नील चार्ल्सवर्थ यांनी 1972 च्या लेखात या दंग्यांना मिथकच म्हटलं. त्यांच्या मते उद्रेक मर्यादित होता आणि त्याला नंतर अवाजवी महत्त्व मिळालं. हे दोघं मुख्य यादीतले. एरिक स्टोक्स यांचं 1959 चं पुस्तक मात्र साम्राज्याच्या यादीत आहे. लंडनमधले उपयुक्ततावादी विचार पुण्याच्या जमीनमोजणीपर्यंत कसे पोचले, ते त्यात सापडतं. शेतकरी समाजांच्या यादीतले जेम्स स्कॉट 1976 मध्ये आग्नेय आशियाबद्दल विचारत होते, की शेतकरी उठतो तो पिळवणूक किती झाली म्हणून, की जगण्याची हमी गेली म्हणून? हे चौघं एका आठवड्यात वाचले की तीन याद्या एकमेकींशी बोलू लागतात. शिवाय ‘रयतवारीने गावात नेमकं काय बदललं?’ असं साम्राज्याच्या परीक्षकाने विचारलं, तर उत्तर सुप्यापासून सुरू करता येतं.

टिपणांचं काय? इथेच सर्वात जास्त वेळ वाया जातो. एका पुस्तकाची वीस पानी टिपणं काढणारा माणूस मेहनती दिसतो, पण एप्रिलमध्ये त्याच्यासमोर चार हजार पानं असतात, आणि ती वाचायला वेगळं वर्ष लागेल. एका पुस्तकाला एक पान पुरतं. लेखकाचं म्हणणं दोन वाक्यांत, कुठली कागदपत्रं वापरली, कुणाशी वाद घालतो आणि कुठे कमी पडतो. कुमारांच्या पानावर ‘चार्ल्सवर्थ’ हे नाव नसेल, तर ते टिपण सारांश म्हणून ठीक, परीक्षेला निरुपयोगी. याची चाचणीही सोपी आहे. तीन आठवड्यांपूर्वी वाचलेलं पुस्तक घ्यावं, पान न उघडता तीन मिनिटं त्यावर बोलावं. तपशील आठवतात पण वाद आठवत नसेल, तर वेग कमी करून उपयोग नाही, वाचण्याची पद्धत बदलायला हवी.

परीक्षकांना दोन-तीन आठवड्यांनी भेटत राहावं. पण भेटीत याद्या फुगतात. ‘अरे, हेही बघून ठेव’ असं प्राध्यापक सहज म्हणून जातात, आणि नोव्हेंबरपर्यंत 220 चे 260 होतात. नवं पुस्तक आलं तर त्याच भेटीत जुनं कोणतं काढायचं हे विचारून घ्यावं, आणि डिसेंबरात चारही याद्या ईमेलने पाठवून त्या पक्क्या असल्याचं लेखी मागून घ्यावं. हे अगोचरपणाचं वाटतं, विशेषतः सरांना उलट न बोलण्याच्या सवयीत वाढलेल्यांना. पण तिथे याला कुणी उद्धटपणा समजत नाही.

उजळणीच्या सहा आठवड्यांत नवं वाचन बंद. ती एकेका पानावरून प्रश्न तयार करते, आणि वरच्या वर्गातल्या मित्रांना बसवून दोनदा तरी लुटुपुटूची परीक्षा देते. त्यात एक प्रश्न हमखास हवा: या यादीतून कोणतं पुस्तक काढाल आणि का? ज्याला यादीचा आकार कळला आहे त्यालाच त्याचं उत्तर देता येतं.

तारीख पुढे ढकलण्याचा मोह मार्चमध्ये सगळ्यांना होतो. निर्णय मनःस्थितीवर घेऊ नये, आकड्यावर घ्यावा. सोळाव्या वाचन-आठवड्याच्या शेवटी वरच्या थरातल्या तीसपैकी वीस झाली असतील, तर तारीख तशीच ठेवावी आणि मागे पडलेलं सगळं खालच्या थरातून कापावं. दहाच झाली असतील, तर मार्चपर्यंत न थांबता त्याच आठवड्यात परीक्षकांना सांगावं. चार प्राध्यापकांची वेळापत्रकं पुन्हा एका दुपारी जुळवायला तिथेही महिना जातो.