‘कागद स्वच्छ आहेत’ या शब्दाची किंमत



अमरगोळच्या बाजार आवारात आपण ज्वारी घेतो ती वरची मूठ पाहून घेत नाही. पोत्यात लोखंडी नळी खुपसून तळचा दाणा बाहेर काढतो, आणि मगच भाव बोलतो. चाळीस वर्षे हा नियम पाळलेल्या माझ्यासारख्या माणसाने घर घेताना मात्र वरची मूठ पाहिली आणि दलालाच्या शब्दावर विसंबून पैसे मोजले. ती हकीकत सभासदांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे संकोच बाजूस ठेवून लिहीत आहे.

सन 2023 मध्ये धाकट्या चिरंजीवांसाठी हुबळीत एक जुनी सदनिका पाहिली. किंमत 42 लाख ठरली. दलाली शेकडा एक, म्हणजे 42 हजार. दलाल गृहस्थ बोलण्यास गोड. मी वकिलास कागद दाखवू म्हणालो तेव्हा ते म्हणाले, “शेठजी, कशाला आठ हजार घालवता? कागद अगदी स्वच्छ आहेत. कसलेही देणे नाही, कसलाही वाद नाही.” हेच शब्द त्यांनी चिरंजीवांच्या मोबाईलवरही लिहून पाठविले. सोबत उपनिबंधक कचेरीचा बोजा दाखला, लोक ज्यास ई.सी. म्हणतात तो, होता. तो नमुना 16 मधील, म्हणजे तेरा वर्षांत या मालमत्तेवर कोणताही नोंदणीकृत व्यवहार नाही असे सांगणारा. आम्ही निर्धास्त झालो आणि खरेदीखत नोंदविले.

दोन महिन्यांत तीन गोष्टी पुढे आल्या. इमारतीच्या मालक संघाने देखभालीची थकलेली वर्गणी 74 हजार मागितली. खाता चिरंजीवांच्या नावे करण्यासाठी महानगरपालिकेत गेलो, तेथे तीन वर्षांचा मालमत्ता कर 21,600 रुपये थकलेला निघाला. आणि तिसरी गोष्ट म्हणजे हुबळीच्या दिवाणी न्यायालयाचे समन्स. विकणाऱ्याच्या सख्ख्या बहिणीने खरेदीच्या आठ महिने आधीच वाटणीचा दावा लावलेला होता, आणि आता त्यात चिरंजीवांचेही नाव घातले होते.

मी प्रथम त्या बाईंवर रागावलो. त्यांस भेटलो तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “शेठजी, मी तुमचे घर मागत नाही. माझ्या वडिलांच्या घरातला माझा वाटा मागते.” घर वडिलांनी 2004 मध्ये स्वकमाईने घेतले होते. ते 2016 मध्ये मृत्युपत्र न करता वारले, आई त्यापूर्वीच गेली होती. हिंदू वारसा कायदा 1956 चा आपणा जैनांसही लागू आहे, आणि त्याप्रमाणे अशा वेळी मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा. भावाने वारस म्हणून खाता एकट्याच्या नावे करून घेतला होता. पण खात्यावरील नाव कर वसुलीसाठी असते. त्याने बहिणीचा हक्क जात नाही. बाई खोट्या नव्हत्या, हे मला कबूल करावे लागले.

आता तो दाखला पुन्हा हातात घेऊन पाहिला, आणि माझी चूक मला कळली. मालक 2016 मध्ये वारला, घर मुलाकडे आले, तरी तेरा वर्षांत एकही नोंदणीकृत दस्त नाही! बहिणीने हक्क सोडला असता तर हक्कसोडपत्र नोंदले गेले असते आणि ते दाखल्यात दिसले असते. अशा वेळी कोरा दाखला ही घर निर्वेध असल्याची खूण नसून एक दस्त कमी असल्याची खूण होती. शिवाय तेरा वर्षांचा दाखला घेतल्यामुळे 2004 चे मूळ खरेदीखत त्यात आलेच नव्हते. तो 2004 पासून मागितला असता तर मालक वडील होते हे पहिल्या ओळीतच दिसले असते.

बोजा दाखला खोटा नसतो. तो फक्त नोंदलेले दस्त दाखवितो. थकलेला कर त्यात नसतो, इमारतीची वर्गणी नसते, न्यायालयात चाललेला दावाही बहुधा नसतो. आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 प्रमाणे दावा चालू असताना घेतलेल्या खरेदीस त्या दाव्याचा निकाल बांधतो, घेणाऱ्यास ठाऊक असो वा नसो. हा दावा शोधण्याचा मार्ग सोपा होता. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर विकणाऱ्याचे नाव घालून पाहिले असते तर तो पाच मिनिटांत सापडला असता.

तक्रार कशी केली ते सांगतो. पहिल्या भेटीत दलाल म्हणाले, “मी फक्त माणसे जुळवून दिली. कागदाशी माझा काय संबंध?” मी तेथे भांडलो नाही. वकिलाच्या सल्ल्याने दोन पत्रे पाठविली. विकणाऱ्यास लिहिले की कलम 55 प्रमाणे विक्रीच्या दिवसापर्यंतचे सरकारी देणे तुम्ही भरावयाचे होते, आणि ठाऊक असलेला दावा लपवावयाचा नव्हता. दलालास मात्र मालकीचा दोष लावला नाही, त्यांच्या शब्दाचा दोष लावला. तुम्ही अमुक तारखेस “कसलेही देणे नाही, कसलाही वाद नाही” असे लिहून दिलेत, त्यावर विसंबून आम्ही वकील घेतला नाही, तुमच्या विधानाविरुद्ध कराचे बिल, संघाचे पत्र व समन्स या तीन प्रती जोडल्या आहेत, तरी घेतलेली दलाली पंधरा दिवसांत परत करावी, इतकेच लिहिले. पत्रात एकही कठोर शब्द नव्हता. त्याचे बळ होते ते मोबाईलवरील दोन ओळींत.

न ऐकल्यास ग्राहक आयोगाकडे जाऊ, हेही कळविले. दलाली घेऊन दिलेली सेवा सदोष असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास फी लागत नाही. रेराकडे जाण्याचा विचारही केला होता. परंतु दलालांसंबंधीचे त्याचे नियम मुख्यतः तेथे नोंदलेल्या प्रकल्पांतील विक्रीसाठी आहेत, आणि आमची इमारत जुनी, नोंद नसलेली.

तेराव्या दिवशी दलालांनी 42 हजार परत केले. विकणाऱ्याने कर भरला, वर्गणी मात्र निम्मीच दिली. कर्नाटकाच्या 1972 च्या सदनिका कायद्याखाली नोंदलेल्या इमारतीत थकलेल्या वर्गणीस विकणारा व घेणारा दोघेही जबाबदार असतात, परंतु घेणाऱ्याने आधी संघाकडून येणे रकमेचे लेखी पत्रक घेतले तर त्यापलीकडचा भार त्याच्यावर येत नाही. ते पत्रक आम्ही मागितलेच नव्हते, म्हणून 37 हजार आमच्या पदरचे गेले.

दावा अद्याप चालू आहे. त्यात 21 लाखांचा वाटा गुंतला आहे, आणि त्या रकमेपुढे परत आलेली दलाली म्हणजे पोत्यातील मूठभर दाणे. विकणाऱ्याने खरेदीखतात नुकसानीची हमी लिहून दिली आहे, ती वसूल होईल तेव्हा खरी. यापुढे घरात कोणी जागा घेऊ लागले आणि दलाल “कागद स्वच्छ” म्हणाला, तर मी एवढेच विचारीन: “कोणते कागद, आणि कोणत्या सालापासून?”