व्हिडिओखालच्या ओळी

पुरणपोळीचा बारा मिनिटांचा व्हिडिओ तयार आहे, यूट्यूबवर चढवायचा एवढंच उरलंय. तेवढ्यात ‘डिस्क्रिप्शन’चा रिकामा रकाना समोर येतो. त्यात ५००० अक्षरं मावतात, पण ‘मोअर’ न दाबता प्रेक्षकाला दिसतात त्या सुरुवातीच्या मोजक्या ओळी. बहुतेक जण त्या ‘नमस्कार मंडळी, चॅनलवर स्वागत’मध्ये घालवतात. त्याऐवजी ‘हरभराडाळ आणि गुळाची पुरणपोळी, पुरण सैल झालं तर काय करायचं, तेही दाखवलं आहे’ असं लिहिलं, की शोधणाऱ्याला हवं ते कळतं आणि शोधाचे शब्दही आपसूक येतात. मराठी माणूस शोधताना बरेचदा इंग्रजी अक्षरांत टाइप करतो, म्हणून Puran Poli एकदा तसंही लिहावं. एकदाच. खाली पन्नास शब्दांची रास ओतणं यूट्यूबच्या नियमांत बसत नाही. टॅगसाठी वेगळा रकाना आहे, पण त्याचा उपयोग मुख्यतः चुकीच्या स्पेलिंगने शोधणाऱ्यांपुरता, असं यूट्यूबच सांगतं.

खरी मेहनत वेळांच्या यादीवर घ्यावी.

```
0:00 साहित्य आणि प्रमाण
0:50 डाळ किती शिजवायची
3:15 पुरण झालं हे कसं ओळखायचं
6:40 कणीक तिंबणे
8:30 पोळी का फाटते
10:20 भाजणे
```

पहिली वेळ 0:00 हवीच. निदान तीन वेळा हव्यात, त्या चढत्या क्रमाने, आणि प्रत्येक भाग किमान दहा सेकंदांचा. यातलं एक चुकलं, तर निळे आकडे दाबता येतात, पण व्हिडिओच्या पट्टीवर भाग पडत नाहीत. चूक ओळखायची ती यावरूनच. नावंही नीट द्यावीत: ‘भाग ५’पेक्षा ‘पोळी का फाटते’ हे कुणीही आधी दाबेल, कारण त्याची पोळी तव्याशेजारी फाटलेली असते.

यादी लिहायची ती अगदी शेवटच्या कापाकापीनंतर. सुरुवातीची वीस सेकंदं नंतर उडवली, तर पुढची प्रत्येक वेळ वीस सेकंदांनी चुकते आणि ‘भाजणे’ दाबणाऱ्याला पोळी आधीच तव्यावर दिसते. म्हणून व्हिडिओ खासगी ठेवून एकेक आकडा दाबून बघावा.

शेवटी श्रेय. केव्हिन मॅक्लाउड यांचं ‘केअरफ्री’ पार्श्वसंगीत म्हणून वापरलं, तर त्यांच्या परवान्याला चार गोष्टी पुरतात: रचनेचं नाव, संगीतकार, मिळालं ते ठिकाण आणि दुव्यासह परवाना.

```
Carefree – Kevin MacLeod (incompetech.com)
Licensed under CC BY 4.0
https://creativecommons.org/licenses/by/4.0/
```

सिनेमातलं गाणं लावून खाली ‘श्रेय मूळ कलाकारांना’ लिहिणारे मात्र फसतात. श्रेय म्हणजे परवानगी नव्हे. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा आवाज ताडून बघते, खालचा मजकूर वाचत नाही; गाणं जुळलं की हक्कधारक व्हिडिओ बंद करू शकतो किंवा त्यावरच्या जाहिरातींचे पैसे स्वतःकडे वळवू शकतो.