न्यू जर्सीचे दहा, पुण्याचे किती?

समजा, न्यू जर्सीतल्या मुलांची मराठी शाळा दर रविवारी सकाळी दहाला ऑनलाइन भरते. शिकवणाऱ्या बाई पुण्यात राहतात आणि वेळापत्रक सांभाळणारं अ‍ॅपही पुण्यातच तयार झालं आहे. जानेवारीत तिकडे दहा वाजतात तेव्हा बाईंच्या घड्याळात रात्रीचे साडेआठ झालेले असतात. दोन महिने सगळं सुरळीत चालतं. मग ८ मार्च २०२६ चा रविवार उजाडतो आणि बाई साडेआठला वर्ग उघडतात, तर तिकडे अकरा वाजून गेलेले! तासभर वाट पाहून मुलं निघून गेलेली असतात.

त्या पहाटे दोन वाजता अमेरिकेतली बहुतेक घड्याळं एक तास पुढे सरकली, म्हणजे तिकडचा उन्हाळी वेळ सुरू झाला. अ‍ॅपला मात्र त्याचा पत्ताच नव्हता. सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत साठवाव्यात, हा प्रोग्रामरांचा नेहमीचा नियम. त्याप्रमाणे जानेवारीत शाळेची वेळ ‘यूटीसी १५:००’ अशी नोंदली गेली. थंडीत न्यू जर्सीचे दहा म्हणजे यूटीसीचे पंधरा, पण ८ मार्चपासून त्याच पंधराला तिथे अकरा वाजतात.

नियम चुकीचा नाही, तो लावला चुकीच्या जागी. फी कधी भरली, हजेरी कधी लागली, अशा घडून गेलेल्या गोष्टींसाठी यूटीसी उत्तम. पुढे दर आठवड्याला होणाऱ्या गोष्टीचं तसं नसतं. शाळेने पालकांना सांगितलंय ‘रविवारी सकाळी दहा, तिथल्या घड्याळाने’. मग साठवायचंही तेच:

```
SUN 10:00 America/New_York
```

शेवटचं नाव महत्त्वाचं. त्याच्या जागी ‘यूटीसीच्या पाच तास मागे’ असं लिहून ठेवलं, तर पुन्हा तोच घोळ. जगात कुठे, कधी घड्याळ बदलतं याची एक सामायिक यादी आयाना या संस्थेमार्फत प्रसिद्ध होते. ही नावं त्या यादीतली. भारताचं नाव `Asia/Kolkata`. नावावरून त्या त्या तारखेचा फरक काढता येतो. मग अ‍ॅप बाईंना ८ मार्चपासून आपोआप साडेसातची वेळ दाखवतं. सरकारं नियम बदलतात, म्हणून ही यादी अद्ययावत ठेवावी लागते. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक देशासाठी उन्हाळी वेळ बंदच केला.

हा दोष पुण्यात बसून लक्षात येणं अवघड, कारण भारतात वर्षभर एकच वेळ चालते. आपल्या घड्याळाने ठरलेला वर्ग यूटीसीत साठवला तरी बिघडत नाही. म्हणून चाचणी करताना न्यू यॉर्कची वेळ निवडून १ आणि ८ मार्चचे वर्ग शेजारी शेजारी पाहावेत. दोन्हीकडे दहाच दिसले पाहिजेत. लंडनचं घड्याळ २९ मार्चला बदलतं, तेव्हा तिथला विद्यार्थी असेल तर तोही रविवार तपासावा.

तारखेचा घोटाळा याच्या उलट. वाढदिवसाला वेळ नसते, तरी अ‍ॅप १५ ऑगस्ट ही तारीख ‘भारतातली मध्यरात्र’ म्हणून साठवतं. तेव्हा न्यू जर्सीत १४ ऑगस्टची दुपार असते, त्यामुळे तिथल्या फोनवर वाढदिवस एक दिवस आधी येतो. नुसती तारीख असेल, तर ती `2026-08-15` अशी नुसतीच ठेवावी. दाखवताना महिना अक्षरांत लिहावा, कारण 03/04 म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च.

फीची रक्कम साठवताना आकड्याबरोबर `INR`, `USD` असा चलनाचा कोड हवाच. अनेक अ‍ॅप्स रक्कम पैशांत किंवा सेंटांत, म्हणजे सर्वांत लहान नाण्यात ठेवतात आणि दाखवताना शंभराने भागतात. मात्र जपानी येनला असा लहान भागच वापरात नाही, तर कुवेती दिनारचे हजार फिल्स होतात. सरसकट शंभराने भागलं, तर ५,००० येनची फी ५० येन दिसते आणि ५ दिनारची ५० दिनार! स्वल्पविराम मात्र वाचणाऱ्याच्या सवयीने द्यावेत: आपल्याला १,००,०००, अमेरिकेत १००,०००. ते बदलले म्हणून चलन बदलत नाही.

अ‍ॅप सुधारेपर्यंत पालकांनी आणि शिक्षकांनी एवढं करावं: निरोपात वेळेसोबत शहराचं नाव लिहावं आणि मार्च-नोव्हेंबरमध्ये घड्याळं बदलतात त्या आठवड्यात वर्गाची वेळ एकमेकांना विचारून घ्यावी.