केकच्या आधी पोचणारा निरोप

घरी केक करणाऱ्या बाईंना पहिला निरोप बहुधा अवेळीच येतो. हात मैद्यात असतात, ओव्हन तापलेला असतो आणि फोनवर कुणी अनोळखी विचारतं, "केक मिळेल का?" दोन तासांनी उत्तर जाईतो त्या माणसाने दुसरीकडे विचारलेलं असतं. यासाठी व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा स्वागताचा निरोप लिहून ठेवता येतो.

तिथे बहुतेकजणी सगळा मेनू आणि दरपत्रक ओततात. मग फोन अर्धा मजकूर झाकून ठेवतो आणि ग्राहक वाचतच नाही. दर आणि फोटो कॅटलॉगमध्ये ठेवावेत. निरोपात फक्त स्वागत असावं आणि ऑर्डर घ्यायला जे कळलंच पाहिजे तेवढं विचारावं. समजा, मजकूर असा:

"नमस्कार! मी (आपलं नाव). निरोप पाठवलात, खूप आनंद झाला. केक मी घरीच, ऑर्डर आल्यावर ताजा करते, म्हणून 2 दिवस आधी कळवावं लागतं. केक कधी हवाय, किती माणसांसाठी, अंड्याचा की बिनअंड्याचा, आणि तुम्ही न्यायला येणार की घरपोच हवा, एवढं लिहून ठेवाल? हा निरोप आपोआप आला आहे. संध्याकाळी 7 पर्यंत मी स्वतः उत्तर देते. आपलं बोलणं होऊन आगाऊ रक्कम मिळाली, की ऑर्डर पक्की."

'किती किलो' न विचारता 'किती माणसं' विचारलं, कारण वजनाचा अंदाज ग्राहकाला नसतो. अर्धा किलो पाच-सहा जणांना पुरतो, हे आपण सांगावं. अंड्याचा प्रश्न आपल्याकडे टाळताच येत नाही. एकाच भांड्यात दोन्ही प्रकार होत असतील, तर बिनअंड्याचा केक मागणाऱ्याला ते आधीच सांगावं. शेवटचं वाक्य सगळ्यांत मोलाचं. ते नसेल, तर आपोआप आलेल्या उत्तरालाच ग्राहक होकार समजतो आणि वाढदिवसाच्या दिवशी दारात उभा राहतो.

आणखी एक खाच आहे. 14 दिवस बोलणं झालं नसेल, तर हाच निरोप जुन्या ग्राहकालाही पुन्हा जातो. चार वर्षं केक नेणाऱ्या काकूंना "मी अमुक" असं ऐकायला मिळणं बरं नव्हे. म्हणून `Business tools` मधल्या `Greeting message` मध्ये, नंबर जतन नसलेल्यांनाच निरोप जाईल असा पर्याय निवडावा आणि पहिल्या ऑर्डरनंतर ग्राहकाचा नंबर नावासकट जतन करावा. नंबर आधीच जतन असलेल्या शेजारणीने पहिल्यांदा केक मागितला, तर तिला मात्र आपण हातानेच लिहावं.

सगळं झाल्यावर, ज्यांच्याशी या नंबरवर गेल्या 14 दिवसांत बोलणं झालेलं नाही अशा ओळखीतल्या कुणाचा तरी नंबर थोडा वेळ काढून टाका, त्यांच्या फोनवरून "केक मिळेल का?" असं विचारून पाहा आणि आलेला निरोप त्यांना मोठ्याने वाचायला सांगा.