निम्म्यानिम्म्याची शिडी

आर-टू-आर शिडी म्हणजे रेझिस्टरांची एक साधी जोडणी. एका बाजूने तिला शून्य आणि एक यांचा बनलेला द्विमान आकडा द्यायचा, दुसऱ्या बाजूने त्या आकड्याच्या प्रमाणात व्होल्टेज घ्यायचे. तिच्या नावातच तिची खुबी आहे: सगळ्या जोडणीत रेझिस्टरच्या किमती दोनच, एक आणि त्याची दुप्पट. पुढच्या उदाहरणात त्या १० आणि २० किलोओहम धरल्या आहेत.

दोनच किमतींचा हट्ट कशासाठी, हे कळायला आधीची सरळसोट पद्धत पाहावी लागते. तिच्यात सर्वांत वजनदार बिटला १० किलोओहम, पुढच्याला २०, मग ४०, ८० असे दुपटीने वाढत जाणारे रेझिस्टर लावतात. आठ बिट असतील तर शेवटचा १२८० किलोओहमचा होतो. अशा सगळ्या किमती दुकानात तयार मिळत नाहीत, पण खरी अडचण वेगळीच आहे. पहिल्या रेझिस्टरमध्ये एक टक्क्याची चूक असली, तर तेवढ्याने प्रवाहात पडणारा फरक शेवटच्या बिटच्या संपूर्ण प्रवाहापेक्षा जास्त भरतो. म्हणजे शेवटचा बिट असून नसल्यासारखा.

शिडी हा प्रश्न मुळातच टाळते. चार बिटांच्या शिडीत १० किलोओहमचे तीन रेझिस्टर एका ओळीत जोडतात. त्यातून चार सांधे तयार होतात. प्रत्येक सांध्यापासून २० किलोओहमची एक फांदी निघून आपापल्या बिटकडे जाते. बिट एक असेल तर फांदीच्या टोकाला पाच व्होल्ट, शून्य असेल तर ग्राउंड. सर्वांत हलक्या बिटच्या सांध्यावर मात्र आणखी एक २० किलोओहमचा रेझिस्टर थेट ग्राउंडला जोडलेला असतो. तो अनेकदा विसरला जातो, आणि तो विसरला की पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

हलक्या टोकाच्या सांध्यावर दोन सारख्या फांद्या भेटतात, एक बिटची आणि एक ग्राउंडची. दोन्ही २० किलोओहमच्या असल्याने तिथे दोन्ही टोकांच्या व्होल्टेजची बरोबर सरासरी मिळते, आणि पुढून पाहिले तर हा सगळा भाग १० किलोओहमच्या एका रेझिस्टरसारखा वागतो. त्यात ओळीतला १० किलोओहम मिळवला की पुन्हा २० झाले. म्हणजे दुसऱ्या सांध्यावरही २० किलोओहमच्या दोन वाटा समोरासमोर येतात, एकीवर तिथला बिट आणि दुसरीवर मागून आलेली बेरीज. पुन्हा सरासरी, पुन्हा १०, पुन्हा २०. शिडी कितीही लांब केली तरी प्रत्येक पायरीवर हेच घडते. हलका बिट जितका मागे, तितक्या वेळा तो निम्मा होत बाहेर येतो.

आता १०११ हा आकडा घेऊ, म्हणजे दशमान ११. हिशेब हलक्या टोकाकडून, उजवीकडून सुरू करायचा. पहिला बिट एक: पाच आणि शून्य यांची सरासरी २.५ व्होल्ट. दुसरा बिटही एक: पाच आणि २.५ यांची सरासरी ३.७५. तिसरा शून्य: शून्य आणि ३.७५ यांची सरासरी १.८७५. चौथा एक: पाच आणि १.८७५ यांची सरासरी ३.४३७५ व्होल्ट. हेच बाहेर मिळणारे व्होल्टेज. सूत्राने ते एका दमात निघते:

Vout = Vref × N / 2ⁿ

यात N म्हणजे दिलेला आकडा आणि n म्हणजे बिटांची संख्या. पाच गुणिले ११ भागिले १६, उत्तर तेच ३.४३७५. एक पायरी ०.३१२५ व्होल्टची होते. ११११ दिले तरी पूर्ण पाच व्होल्ट मिळत नाहीत, ४.६८७५ वर गाडी थांबते. एक पायरी नेहमी कमीच राहते.

इथे एक फसगत होऊ शकते. मधल्या सांध्यांवर मीटर लावला तर वरच्या सरासऱ्या दिसणार नाहीत. त्या सरासऱ्या शिडी तिथेच तोडली असती तर मिळाल्या असत्या. प्रत्यक्षात पुढच्या पायऱ्याही प्रवाह देतात-घेतात. १०११ असताना दुसऱ्या सांध्यावर ३.७५ ऐवजी सुमारे ३.२० व्होल्ट दिसतील, तिसऱ्यावर १.८७५ ऐवजी २.६६. जोडणी चुकली असे समजून ती उकलायला घेऊ नये. खरा ताळा फक्त शेवटच्या सांध्यावर जुळतो.

रेझिस्टरची नेमकी किंमत किती, याला शिडीत फारसे महत्त्व नाही. सगळे रेझिस्टर ९.९ आणि १९.८ किलोओहमचे निघाले तरी उत्तर तेच येते. महत्त्व आहे ते एकास दोन या प्रमाणाला. म्हणून २० किलोओहमचे वेगळे रेझिस्टर विकत न आणता एकाच पट्टीतले १० किलोओहमचे दोन-दोन एकापुढे एक जोडणे शहाणपणाचे. चार बिटांना असे १३ रेझिस्टर पुरतात, आठ बिटांना २५.

प्रमाण चुकले तर ते सर्वांत आधी मध्यावर कळते. आठ बिटांच्या शिडीत ०१११११११ वरून १००००००० वर जाताना सात बिट बंद होतात आणि एकटा वजनदार बिट त्यांची जागा घेतो. व्होल्टेज इथे जेमतेम १९.५ मिलिव्होल्टने वाढायला हवे. पण त्या बिटच्या फांदीत २० ऐवजी २०.२ किलोओहम असतील, म्हणजे चूक अवघी एक टक्क्याची, तर आधी सुमारे २.४९२८ व्होल्ट असतात आणि नंतर २.४८७६. आकडा वाढला आणि व्होल्टेज सुमारे पाच मिलिव्होल्टने उतरले! चार बिटांच्या शिडीत हीच फांदी १४ टक्क्यांपर्यंत चुकली तरी असे उलटे पाऊल पडत नाही. म्हणून चार बिटांचा खेळ कोणत्याही रेझिस्टरवर चालतो आणि आठ बिटांना निवडलेले रेझिस्टर लागतात.

मध्यावरच दुसरा एक दोषही दिसतो. आर्डुइनोवर चार पिन एकामागून एक बदलल्या, तर ०१११ वरून १००० वर जाताना मध्ये क्षणभर ०००० येऊन जाते आणि ऑसिलोस्कोपवर खोल खड्डा उमटतो. उनोच्या ८ ते ११ या पिन एकाच पोर्टवर असल्याने त्या एका फटक्यात बदलता येतात:

```
DDRB = 0x0F;
PORTB = 11;
```

शेवटची अडचण भाराची. बाहेरून पाहिल्यास पूर्ण शिडीच १० किलोओहमच्या रेझिस्टरमागे बसलेली असते. तिला १० किलोओहमचा भार जोडला की ३.४३७५ चे थेट निम्मे, १.७२ व्होल्ट उरतात. आठ ओहमचा स्पीकर जोडला तर जवळपास काहीच उरत नाही. म्हणून शिडी आणि भार यांच्यामध्ये ऑप-ॲम्प बफर म्हणून बसवतात. तो शिडीतून नगण्य प्रवाह ओढतो आणि तेच व्होल्टेज पुढे देतो. हेडफोन किंवा हलका भार तो स्वतः चालवतो, स्पीकरसाठी त्याच्याही पुढे पॉवर ॲम्प्लिफायर लागतो.