पान वाढण्याआधीची दोन मिनिटे

आई-वडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मुलगा किंवा मुलगी जेवणाआधी चार शब्द बोलते, तेव्हा भाषणाची लांबी ठरते ती कढईवरून. मालवणी जेवणात कोंबडी-वडे असतील तर तळलेला वडा थोड्याच वेळात मऊ पडतो. म्हणून वडे तळायला घेण्याआधी बोलून संपवायचे. दोन मिनिटांत संथपणे दोनशे-अडीचशे शब्द होतात आणि तेवढे पुरतात.

पन्नासाव्या वाढदिवसाचे उदाहरण घेऊ. आई मालवणची, वडील मुंबईत गिरणीत नोकरीला होते. बेत असा: आल्याआल्या कोकम सरबत, मग तिसऱ्यांचे सुके, कोंबडी-वडे, शाकाहारी पाहुण्यांना काळ्या वाटाण्यांची उसळ, शेवटी सोलकढी आणि नारळाच्या रसातले शिरवाळे. सुरुवात पाहुण्यांच्या हातातल्या पेल्यापासून करावी, कारण त्याची चव तेव्हा जिभेवर असते. पुढे पदार्थ ज्या क्रमाने पानात येणार, त्याच क्रमाने बोलावे.

पाककृती सांगायची नसते. एका पदार्थाला एक वाक्य, आणि त्यात त्या दोघांशी असलेला धागा. ‘आज वड्याचं पीठ आईच्याच प्रमाणाने दळलंय, तांदूळ, उडीद, धणे आणि मेथी किती, ते तिने कधी लिहून दिलं नाही, शेजारी उभं राहून शिकावं लागलं.’ एवढे पुरे. ‘चविष्ट’, ‘पारंपरिक’, ‘खास’ ही विशेषणे कोणत्याही केटररच्या पत्रकात सापडतात. सगळ्याच पदार्थांना आठवण जोडण्याचा अट्टहासही नको. उसळीमागे गोष्ट नसेल तर नुसते नाव घेऊन पुढे जावे.

काही गोष्टी मात्र गाळून चालत नाहीत. तिसऱ्या हे शिंपल्यातले मांस आहे, अनेकांना ते सोसत नाही. ते स्पष्ट सांगावे. उसळीसोबतचे वडे वेगळ्या तेलात तळले आहेत, हे शाकाहारी माणसाला ऐकायचेच असते, आणि चारचौघांत विचारायला तो संकोचतो. तळले नसतील तर तसेही सांगावे. शिरवाळ्यांच्या रसात गूळ असतो, याची कल्पना मधुमेह असलेल्या काकांना पान वाढण्याआधी मिळालेली बरी.

पेयांत घोटाळा होतो तो कोकमाचा. सरबत गोड, सोलकढीत नारळाचे दूध, लसूण, मिरची, दोन्ही गुलाबी. मुंबईबाहेरून आलेला पाहुणा सोलकढीला सरबत समजून एका दमात पितो आणि ठसका लागतो. ती भातासोबत किंवा जेवणाच्या शेवटी घ्यायची, हे एका वाक्यात सांगता येते. ठेवून दिली की तिचे पाणी खाली बसते. वाढणाऱ्याला पळी तळापासून ढवळायला आधीच बजावलेले असावे.

शेवटचे वाक्य व्यवहाराचे: हात कुठे धुवायचे, पंगत कुठे मांडली आहे. मानाचे पहिले पान उत्सवमूर्तींचे. ते बसले की बोलणाऱ्याने थांबावे आणि कढईपाशी खूण करावी.